फोटोत नंतर लावलेला चष्मा खरा कसा दिसेल?

प्रश्न: वडिलांचा एकच चांगला फोटो आहे आणि त्यात त्यांनी चष्मा काढलेला आहे. फोटोशॉपमध्ये चष्मा लावून पाहिला, पण तो चिकटवल्यासारखा दिसतो. काय चुकतंय?

उत्तर: नाशिकला पंचवटीत आमचा फोटो स्टुडिओ आहे. रामकुंड जवळ असल्यामुळे दशक्रियेच्या आधी घाईने फ्रेमचा फोटो करून घेणारी घरं आमच्याकडे नेहमी येतात, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना तुमच्यासारखंच काम हवं असतं.

तुम्ही चष्मा बहुतेक इंटरनेटवरून घेतला असावा. तो अगदी समोरून काढलेला असतो आणि फोटोतली मान थोडी तरी वळलेली असते. तिथेच सगळं बिघडतं. वडिलांचा खरा चष्मा घरात असेल तर तोच घ्या. निफाडकडची एक ताई तिच्या वडिलांचा, तात्यांचा, लग्नातला फोटो घेऊन आली होती. चष्मा डबीसकट आणायला मी तिला सांगितलं. तो आमच्या मुलाला घालायला लावला, त्याची मान तात्यांइतकीच डावीकडे वळवली, उजेड तात्यांच्या फोटोत येतो त्याच बाजूने ठेवला आणि दोन मीटरवरून फोटो काढला. अशा फोटोत लांबची काच आपोआप अरुंद येते, जवळची काडी कानापर्यंत दिसते आणि लांबची लपते. हे सगळं Distort ने ओढून-ताणून आणायला गेलं तर कधीच नीट जमत नाही.

मग माप. मोठ्या माणसाच्या दोन बुबुळांमधलं अंतर साधारण ६३ मिलीमीटर धरतात. तात्यांच्या फोटोत ते २५२ पिक्सेल भरलं, म्हणजे एका मिलीमीटरला ४ पिक्सेल. चष्मा पट्टीने मोजला तर १३६ मिलीमीटर रुंद होता, म्हणून फोटोत तो ५४४ पिक्सेलच्या आसपास हवा. मान थोडी वळलेली असली तरी दोन्ही मापं जवळजवळ सारखीच आकसतात, त्यामुळे हाच हिशेब चालतो, फ्रेम वेगळी कमी करायची नाही. अंदाजाने लावलेला चष्मा बहुतेक वेळा मोठा होतो. चष्म्याचा तिरकेपणा बुबुळांच्या रेषेवरून ठरवा, आणि चष्मा नाकावर किती खाली बसायचा ते त्यांच्या जुन्या फोटोंत बघा. तात्यांचा कायम घसरलेला असायचा, म्हणून बुबुळं काचेच्या मध्याच्या बरीच वर ठेवावी लागली.

चिकटवल्यासारखा दिसण्याचं सगळ्यात मोठं कारण मात्र सावली. फ्रेम नाकावर जिथे टेकते तिथली सावली बारीक, गडद आणि धारदार असते. खालच्या कडेची सावली गालावर पडते. फ्रेम गालापासून दूर असते म्हणून ती मऊ आणि फिकी असते, आणि उजेडाच्या उलट दिशेला सरकलेली असते. तिसरी कानाजवळ, काडीखाली. या तिन्ही वेगवेगळ्या लेयरवर Multiply मध्ये रंगवा आणि गालावरच्या सावलीलाच Gaussian Blur जास्त द्या. रंग काळा घेऊ नका. पूर्वी मी काळाच घ्यायचो आणि गालाला काजळी लागल्यासारखी दिसायची. आता हनुवटीखालच्या सावलीतला तपकिरी रंग उचलतो.

यानंतरही ताई म्हणाली, "दादा, सगळं बरोबर आहे, पण डोळे तात्यांचे नाही वाटत." ती बरोबर होती. तात्यांचा नंबर मायनस चार. मायनस काचेतून डोळा लहान दिसतो, एवढ्या नंबराला साधारण पाच टक्क्यांनी. शिवाय काचेच्या बाहेरच्या कडेजवळ गालाची रेषा तुटून आत सरकलेली दिसते. मी काचेच्या आतला चेहऱ्याचा भाग वेगळ्या लेयरवर घेऊन ९५ टक्के केला, गालाची रेषा तेवढी आत घेतली आणि फ्रेमच्या कडेने मास्क लावला. प्लस नंबर असेल तर उलट, डोळा मोठा होतो. त्यामुळे काम सुरू करण्याआधी नंबर विचाराच. काचेवर चमक द्यायची असेल तर वेगळ्या लेयरवर Screen मध्ये, अगदी पुसट. बुबुळावर मात्र कधीच नको.

शेवटी फ्रेम त्या फोटोइतकीच मऊ करा. जुना स्कॅन आणि मोबाइलवरचा लख्ख चष्मा एकत्र आले की डोळा लगेच फ्रेमवर जातो. थोडा ब्लर द्या, मग फोटोत आहे तेवढीच रवाळ पोत Add Noise ने फ्रेमवर आणा. फोटो आडवा उलटा करून हाताच्या अंतरावरून बघा. नजर आधी डोळ्यांवर न जाता चष्म्यावर थांबली, तर बहुधा नाकावरची सावली कमी पडलेली असते.

फोटो अगदी जवळून घेतलेला सेल्फी असेल तर माझं माप थोडं चुकेल. फ्रेम डोळ्यांपेक्षा कॅमेऱ्याला जवळ असते, म्हणून तिथे ती तीन-चार टक्के मोठी धरा.