बाकीवरून संख्या: ७०, २१ आणि १५ कुठून येतात?

प्रश्न: एका संख्येला ३ ने भागलं तर बाकी २ उरते, ५ ने भागलं तर ३ आणि ७ ने भागलं तर २. नोट्समध्ये २×७० + ३×२१ + २×१५ करून उत्तर २३ काढलंय. हे ७०, २१, १५ आणले कुठून? आणि ७० च का, ३५ का नाही?

उत्तर: आधी ७० कडे नीट बघा. तिला ५ ने भाग जातो, ७ ने भाग जातो, आणि ३ ने भागलं की बाकी १ उरते. म्हणजे ७० कितीही वेळा मिळवली तरी पाचची आणि सातची बाकी जागची हलत नाही. फक्त तीनची बाकी दर वेळी एकाने वाढते. आपल्याला तीनची बाकी २ हवी, म्हणून ७० दोनदा घ्यायची. तसंच २१ ला ३ आणि ७ ने भाग जातो आणि ५ ने भागल्यावर १ उरतो. १५ ला ३ आणि ५ ने भाग जातो आणि ७ ने भागल्यावर १ उरतो. तिघींची कामं वेगवेगळी आहेत, एक दुसरीच्या कामात पडत नाही. म्हणूनच त्या बिनदिक्कत मिळवता येतात.

१४० + ६३ + ३० = २३३. तीन, पाच, सात यांचा लसावि १०५; तो वजा केला तर तिन्ही बाक्या तशाच राहतात. २३३ मधून एकदा वजा केल्यावर १२८, पुन्हा केल्यावर २३. खरं तर २३, १२८, २३३ ही सगळीच उत्तरं बरोबर आहेत. प्रश्नात ‘लहानात लहान’ म्हटलं असेल तर २३ लिहा. ‘१०० ते २०० मधली’ म्हटलं असेल तर १२८.

आता ३५ चं. ५ × ७ = ३५, त्यामुळे पाच आणि सातचं काम ती करते; पण ३ ने भागल्यावर तिची बाकी २ येते, १ नाही. तिची दुप्पट केली की बाकी ४, म्हणजेच १. म्हणून ७०. २१ आणि १५ ना हा त्रास नाही, त्यांची बाकी पहिल्या फटक्यातच १ येते. बहुतेक चुका इथेच होतात: इतर दोघींकडे बघून तिसरीही तशीच असणार असं धरलं जातं. ३५ घेऊन करून बघा: ७० + ६३ + ३० = १६३, त्यातून १०५ गेले की ५८. पाचने भागल्यावर ३ उरतात, सातने भागल्यावर २ उरतात, दोन्ही बरोबर. पण तीनने भागल्यावर १ उरतो. म्हणजे पडताळा फक्त ‘चुकलं’ एवढं सांगत नाही, ७०, २१, १५ पैकी कुठला गुणक चुकला तेही दाखवतो. त्यामुळे तिन्ही भागाकार करून बघायचा कंटाळा करू नका.

गुणकांची बेरीज हा आणखी सोपा पडताळा आहे. ७० + २१ + १५ = १०६, म्हणजे लसाविपेक्षा बरोबर एक जास्त. दुसरे भाजक घेऊन गुणक काढलेत तर त्यांच्या बेरजेला लसाविने भागल्यावर १ च उरला पाहिजे. नाही उरला तर पुढे जाऊच नका.

तुमच्या उदाहरणात एक जवळची वाटही आहे. तीन आणि सात, दोघांचीही बाकी २ आहे, म्हणजे संख्या २१ च्या पाढ्यापेक्षा २ ने जास्त: २, २३, ४४… २३ ला पाचने भागलं की ३ उरतात, झालं. पण हे बाक्या जुळल्या म्हणून जमलं. बाक्या १, २, ३ असत्या तर ही वाट बंद; गुणक मात्र तेच चालतात: ७० + ४२ + ४५ = १५७, उणे १०५, उत्तर ५२.

हे उदाहरण आणि हेच तीन गुणक ‘सुन्‌झी सुआनजिंग’ या जुन्या चिनी ग्रंथात आहेत. तिथे नियम असा की बेरीज १०६ किंवा जास्त असेल तरच १०५ वजा करायचे.  

ही रीत चालायला भाजक जोडीजोडीने सहमूळ असावे लागतात. ४ आणि ६ घेतले तर गुणकच मिळत नाही: ६ च्या कुठल्याही पटीला ४ ने भागा, बाकी ० किंवा २ च येते, १ कधीच नाही. ४ ने भागून १ आणि ६ ने भागून २ उरेल अशी संख्या तर अस्तित्वातच नाही, कारण पहिली अट विषम संख्या मागते आणि दुसरी सम. बाकी १ आणि ३ असेल तर उत्तर आहे, ९. पण ते २४ ने नाही, १२ ने पुढे सरकतं: ९, २१, ३३.