वडिलांच्या आदरांजलीत गाथा घेताना

सांगलीतील जलदान विधीत वडिलांविषयी बोलताना ‘अनिच्चा वत सङ्खारा, उप्पादवयधम्मिनो, उप्पज्जित्वा निरुज्झन्ति, तेसं वूपसमो सुखो’ ही पाली गाथा तुम्ही निवडलीत, हे योग्यच आहे, कारण महापरिनिब्बान सुत्तात बुद्धांच्या परिनिर्वाणानंतर देवांचा राजा सक्क याच्या तोंडी हीच गाथा येते. मात्र भाषणाच्या मसुद्यात ‘सङ्खारा’चा अर्थ तुम्ही ‘बाबांनी दिलेले संस्कार’ असा केला आहे, आणि ‘अनिच्चा’ म्हणजे अनित्य असल्याने मग तेच नाशवंत ठरतात. येथे तो शब्द कारणांपासून घडलेल्या प्रत्येक गोष्टीसाठी आहे. बाबांचा देह, त्यांनी बांधलेले घर, तुमचा शोकसुद्धा त्यात आला. चौथा चरण मृत्यूला सुख म्हणत नाही, या संखारांच्या शमण्याला म्हणतो. म्हणून आईसमोर ‘बाबा सुटले’ असा त्याचा अर्थ सांगू नका. भाषणात गाथा बाबांच्या घराच्या आठवणीनंतर लगेच म्हणा.