अपंगत्व फॉर्मवर लिहायचंच, पण ‘आधीचा आजार’ म्हणजे काय ते वाचून

प्रश्न: इंदूरला राहतो. धाकट्या भावाच्या पायात लहानपणापासून पोलिओ आहे, यूडीआयडी कार्डावर ५५ टक्के. आरोग्य विमा घ्यायचाय. एजंट म्हणतो, अपंगत्व लिहू नका, नाहीतर तीन वर्षं काहीच मिळणार नाही. खरं काय?

उत्तर: एजंटचं ऐकू नका. त्यानं दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी केलीये. फॉर्ममध्ये सांगणं वेगळं आणि सांगितलेली गोष्ट पॉलिसीच्या भाषेत ‘आधीचा आजार’ ठरणं वेगळं.

पॉलिसीची पीडीएफ उघडा आणि आधी व्याख्यांच्या पानावर जा. एप्रिल २०२४ पासूनच्या नियमांनुसार आधीचा आजार म्हणजे पॉलिसी सुरू होण्याआधीच्या ३६ महिन्यांत डॉक्टरांनी निदान केलेला, किंवा त्याच काळात ज्यासाठी वैद्यकीय सल्ला वा उपचार सुचवले वा घेतले गेले असा आजार. पोलिओ चाळीस वर्षांपूर्वी झाला आणि गेल्या तीन वर्षांत त्या पायासाठी कुणा डॉक्टरकडे जावंच लागलं नसेल, तर तो या व्याख्येत बसतो असं सरळ म्हणता येत नाही. पण मागच्या वर्षी अस्थिरोगतज्ज्ञानं नवीन कॅलिपर लिहून दिला असेल, तर तो कागद सल्ला म्हणून मोजला जाऊ शकतो. म्हणून भावाची जुनी फाईल तारखांसकट आधी चाळा.

मग Excl01 शोधा. प्रत्येक कंपनीच्या पॉलिसीत हा क्रमांक सारखाच असतो. तिथे लिहिलेलं असतं की आधीचा आजार आणि त्याची थेट गुंतागुंत इतक्या महिन्यांपर्यंत वगळली आहे. आता ही मुदत जास्तीत जास्त ३६ महिने असू शकते. त्या परिच्छेदाचं शेवटचं कलम लोक वाचत नाहीत: मुदत संपल्यावरही कव्हर तेव्हाच, जेव्हा तो आजार अर्ज करताना सांगितलेला आणि कंपनीनं स्वीकारलेला असेल. म्हणजे लपवलं तर तीन वर्षं थांबूनही हात रिकामे. शिवाय पाय तर डोळ्यांना दिसतो, दवाखान्यात पहिल्याच कागदावर त्याची नोंद होणार.

आमच्याकडे नेमकं हेच घडलं. आमच्या ह्यांच्या डाव्या पायात दुसऱ्या वर्षापासून पोलिओ. २०२२ मध्ये पॉलिसी घेतली, फॉर्मवर पोलिओ स्वच्छ लिहिला होता. पुढच्या पावसाळ्यात ओल्या जिन्यावरून घसरले आणि त्याच पायाचं मांडीचं हाड मोडलं. प्लेट घातली. डिस्चार्ज कार्डावर पहिलीच ओळ होती ‘नोन केस ऑफ पोस्ट पोलिओ रेसिड्युअल पॅरालिसिस’, आणि घसरल्याचा उल्लेख खाली, बारीक अक्षरात. कंपनीनं वरची ओळ धरली आणि आधीच्या आजाराची गुंतागुंत म्हणून दावा नाकारला.

आम्ही डॉक्टरांकडून एका पानाचं पत्र घेतलं: जिन्यावरून पडल्यामुळे हाड मोडलं, कोणत्या तारखेला, किती वाजता. सोबत लेखी म्हणणं मांडलं की (तेव्हा व्याख्येत ४८ महिने होते) त्या काळात पायावर कुठलाही उपचार नाही आणि पोलिओ अर्जात नोंदलेला आहे. फॉर्मची प्रत जोडली. ती पॉलिसीसोबत आलेली होती, नशीब आम्ही रद्दीत टाकली नव्हती. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यानं दावा मंजूर केला. वॉकर आणि ब्रेसचे पैसे मात्र कापले. ते बहुतेक पॉलिसींच्या ‘न मिळणाऱ्या वस्तूं’च्या यादीत असतात, त्यात भांडण्यासारखं काही नव्हतं. नकार कायम राहिला असता किंवा ३० दिवसांत उत्तरच आलं नसतं, तर मध्य प्रदेशाचे विमा लोकपाल भोपाळला बसतात, तिथे जायचं ठरलं होतं.

आता Excl02. सांधेबदल, मोतीबिंदू, हर्निया यांची वेगळी थांबण्याची मुदत इथे असते. अपघातातून आलेल्या दाव्याला ती लागत नाही. पण गुडघा झिजला म्हणून बदलायचा असेल आणि तो आधीच्या आजारातही बसत असेल, तर दोन्ही मुदतींतली जी मोठी ती लागते. पोलिओत चांगल्या पायावर आयुष्यभर जास्त भार पडतो, म्हणून त्या पायाचा गुडघाही आधीच दुखत असेल तर तेही लिहून टाका.

पॉलिसी हातात आली की शेड्यूलवर काही ‘कायम वगळलेलं’ छापलंय का ते बघा. कंपनी काही ठरावीक आजार संमती घेऊन कायमचे वगळू शकते, उदाहरणार्थ अपस्मार किंवा ऐकू न येणं, आणि ती संमती फॉर्मवरच्या सह्यांच्या गठ्ठ्यात सहज निघून जाते. नको असेल तर पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांत परत करता येते.

एजंटला म्हणावं, फॉर्म भाऊ स्वतः भरेल, तू शेजारी बस. अपंगत्वाच्या रकान्यात मोघम ‘पोलिओ’ नको. ‘डावा की उजवा पाय, कितव्या वर्षी, शेवटचा उपचार केव्हा’ एवढं लिहा आणि सहीआधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा.