बॅजवर नाव दोन मीटरवरून वाचता यायला हवं

प्रश्न: दोन दिवसांची कॉन्फरन्स आहे, चारशेच्या आसपास लोक. बॅजवर नाव, कंपनी, रोल, कुठल्या सेशनला एंट्री हे सगळं टाकायचंय पण गिचमिड होतंय. लेआउट कसा करू?

उत्तर: बॅज वाचणारे दोन जण असतात, एक समोर बोलायला आलेला माणूस आणि दुसरा दारावरचा व्हॉलंटियर. पहिल्याला फक्त नाव हवंय, तेही दोन मीटर लांबून, म्हणजे जवळ जायच्या आधीच कळलं पाहिजे. दुसऱ्याला नावाशी काही घेणंदेणं नाही, त्याला एका नजरेत आत सोडायचं की नाही एवढंच बघायचंय.

म्हणून ए6 उभा घ्या, 105 बाय 148 मिमी. लोगो वरच्या पट्टीत छोटा, त्याच्या खाली लगेच पहिलं नाव, बोल्ड, एकटं एका ओळीत. आडनाव त्याखाली निम्म्या साइजला, मग कंपनी. साइज ठरवताना लिस्टमधलं सगळ्यात लांब नाव आधी बसवून बघा, आणि देवनागरी असेल तर फॉन्टच्या आकड्यावर जाऊ नका, 72 पॉइंट म्हणजे एक इंच खरं पण त्यात वेलांटी, रफार, उकाराची जागा पण धरलेली असते, त्यामुळे मूळ अक्षर बरंच लहान येतं. साध्या कागदावर प्रिंट काढा, भिंतीला चिकटवा, दोन मीटर मागे जाऊन वाचा. डोळे बारीक करावे लागले तर लोगो अजून लहान करा, नाव नाही.

एंट्रीसाठी तळाला पूर्ण रुंदीची रंगीत पट्टी, आणि तिच्यावर रोल शब्दात लिहायचाच. आम्ही एकदा नुसता रंग ठेवला होता, वर्कशॉपवाल्यांना केशरी आणि स्पीकरना लाल, स्क्रीनवर मस्त दिसत होतं पण हॉलच्या पिवळ्या लाइटमध्ये दोन्ही सारखेच दिसायला लागले आणि दारावरची पोरं प्रत्येकाला थांबवून विचारत बसली, रांग जिन्यापर्यंत गेली. शिवाय रंगांधळेपणा असलेल्या बऱ्याच जणांना लाल-हिरवा फरक नीट कळत नाही. पुढच्या वेळी पट्टीच्या उजव्या टोकाला ठळक 'क', 'ख' अशी अक्षरं टाकली, क म्हणजे वर्कशॉप, ख म्हणजे दुसरा दिवस, ज्याला एंट्री नाही त्याची ती जागा कोरी. प्रत्येक अक्षराची जागा ठरलेली पाहिजे, म्हणजे व्हॉलंटियरला शोधावं लागत नाही.

आणि लॅनयार्ड एका हुकवाली असेल तर बॅज फिरतोच, दिवसभरात निम्मे लोक कोरी बाजू दाखवत हिंडतात, ते बघून खरंच वाईट वाटतं. दोन कोपऱ्यांना दोन हुक असलेली घ्या, नाहीतर मागेही हुबेहूब तेच छापा, वेळापत्रक मागे छापायचा मोह आवरा. दोरीची लांबीही बघा, पोटापर्यंत लोंबणारा बॅज माणूस टेबलाशी बसला की दिसतच नाही, छातीच्या खाली नको. आणि कागद मॅट घ्या, ग्लॉसी कव्हरवर लाइट चमकला की नाव गायब.