कापसाच्या भावाचा मेसेज टाकताना

भाऊ, तू भावाच्या मेसेजमध्ये आधी पाच 👉 टाकतो अन् मग भाव लिहितो, पण आपल्या गावातले ज्या दादाले दिसत नाही ते टॉकबॅकवर, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून वाचून दाखवणाऱ्या फोनमधल्या सोयीवर, ऐकतात, अन् फोन इंग्रजीत असला तर त्याइले आधी 'बॅकहँड इंडेक्स पॉइंटिंग राइट' हेच ऐकू येते, बरेचदा पाचही वेळा, मग कुठं भाव. ते स्टायलिश जाड अक्षरातलं इंग्रजी तर अजून बेकार, फोनसाठी ते साधी अक्षरं नाहीच, गणिताची चिन्हं आहेत, कधी एकेक करून वाचते, कधी सरळ गाळून टाकते, म्हणजे 'रेट' शब्दच गायब. साधं लिही ना, "कापूस, आजचा भाव ७२०० रुपये क्विंटल." इमोजी पाहिजेच असन तर शेवटी एकच टाक. अन् पाठवायच्या आधी टॉकबॅक चालू करून, स्क्रीनकडे न पाहता ऐकून पाह्य.