सरांनी संदर्भपद्धत सांगितलीच नाही, मग कोणती घ्यायची?

प्रश्न: एम.ए. समाजशास्त्र, दुसरं वर्ष. सत्यशोधक समाजावर टर्म पेपर आहे. सर म्हणाले, "संदर्भ नीट द्या", बस. एपीए, एमएलए की शिकागो?

उत्तर: आधी सरांनीच वाचायला दिलेले दोन-तीन लेख काढा आणि त्यांत कंसात काय दिसतंय ते बघा. सरांना रोज जे वाचायची सवय आहे, त्यालाच ते 'नीट' म्हणतात. समाजशास्त्रात बहुतेक वेळा कंसात आडनाव, साल आणि पान सापडेल. ईपीडब्ल्यूमध्येही तेच. त्यामुळे काहीच कळलं नाही तर लेखक-साल पद्धत घ्या, चूक ठरणार नाही.

पण तुमचा विषय जरा अडचणीचा आहे. सत्यशोधक समाज १८७३ चा. म्हणजे तुमचे निम्मे संदर्भ आजच्या अभ्यासकांचे असतील आणि निम्मे एकोणिसाव्या शतकातले. लेखक-साल पद्धत मानसशास्त्र, समाजशास्त्र अशा विषयांना सोयीची, कारण तिथे संशोधन कधीचं आहे हे वाक्य वाचतानाच कळायला हवं असतं. आता 'गुलामगिरी' घ्या. ती १८७३ ची, पण तुमच्या हातात समग्र वाङ्मयाची १९६९ ची आवृत्ती असेल. कंसात (फुले, १९६९) लिहिलंत की फुले आणीबाणीच्या जरा आधी लिहीत होते असं वाटतं! एपीएमध्ये यावर उपाय आहे, दोन्ही सालं द्यायची: (फुले, १८७३/१९६९, पृ. १४०). पान इथे नमुन्यापुरतं टाकलंय.

खरी पंचाईत होते 'दीनबंधु'सारख्या वर्तमानपत्राची. मजकुरावर लेखकाचं नाव नाही, एकाच वर्षातले सहा अंक वापरलेत, मग (दीनबंधु १८८४अ), (दीनबंधु १८८४आ) अशी रांग लागते आणि वाचणाऱ्याला तारीख शोधायला प्रत्येक वेळी शेवटच्या पानावर जावं लागतं. इतिहासवाले तळटिपा का सोडत नाहीत, ते इथे कळतं. टिपेत अंकाची तारीख, दफ्तराचा क्रमांक, शिवाय 'हा मजकूर संपादकाचा असावा' अशी शंकासुद्धा मावते. तीच 'गुलामगिरी' टिपेत अशी जाते:

१. जोतीराव फुले, 'गुलामगिरी' (१८७३), 'महात्मा फुले समग्र वाङ्मय', संपा. धनंजय कीर व स. गं. मालशे (मुंबई: महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ, १९६९), १४०.

दुसऱ्यांदा फक्त: फुले, 'गुलामगिरी', १५२.

साहित्यवाल्यांचं तिसरंच. एमएलएमध्ये कंसात साल नसतंच, आडनाव आणि पान एवढंच, कारण त्यांचं लक्ष मजकुरातल्या नेमक्या जागेवर. ज्ञानेश्वरीला तर पानही कामाचं नाही, आवृत्तीगणिक बदलतं. तिथे अध्याय आणि ओवी. वैद्यक आणि अभियांत्रिकीत नुसते आकडे, कारण एकेका वाक्यामागे चार-पाच लेख असतात. ते तुमच्या कामाचं नाही.

तर करायचं काय? तुमची यादी मोजा. मूळ साधनं पाच-सातच असतील तर लेखक-साल ठेवा, आणि वर्तमानपत्राची तारीख सरळ वाक्यातच लिहा: "अमुक तारखेच्या 'दीनबंधु'त असं म्हटलंय". निम्म्याहून जास्त असतील तर शिकागोची तळटीप पद्धत. मी स्वतः तीच घेतली असती, कारण शिकागोत तळटिपा आणि लेखक-साल असे दोन्ही प्रकार आहेत. सरांनी उद्या "कंसात द्या" म्हटलं तरी नियमावली तीच राहते. फक्त दोन्हींची खिचडी करू नका, म्हणजे फुले कंसात आणि अभ्यासक तळटिपेत असं.

तळटिपा घेतल्यात तर 'तत्रैव' आणि 'कित्ता' टाळा. माझ्या एम.ए.च्या प्रबंधात आदल्या रात्री एक नवी टीप मध्ये घुसवली आणि खालचं 'तत्रैव' भलत्याच पुस्तकाकडे बोट दाखवू लागलं. तोंडी परीक्षेत नेमकं तेच पान उघडलं गेलं. शिकागोनेही २०१७ च्या आवृत्तीपासून त्याऐवजी आडनाव आणि छोटं शीर्षकच द्यायला सुचवलंय.

झोटेरो वापरत असाल तर पद्धत एका क्लिकवर बदलते हे खरं, पण समग्र वाङ्मय 'पुस्तक' म्हणून भरलंत तर 'गुलामगिरी'चं नाव कुठेच येणार नाही. ती 'पुस्तकातलं प्रकरण' म्हणून भरा, आणि १८७३ साल नीट उमटतंय का ते छापण्याआधी स्वतः तपासा. मराठी पेपर असेल तर आद्याक्षरांचाही घोळ होतो: एपीएला 'फुले, जो.' हवं असतं, ते मराठीत कानाला विचित्र लागतं. मी पूर्ण नाव लिहितो, 'फुले, जोतीराव', आणि पहिल्याच टिपेत एक ओळ टाकतो की मराठी नावं पूर्ण दिली आहेत. आजवर कुणी हरकत घेतलेली नाही.

आणि सरांना आजच एक ओळीचा मेसेज टाका: "सर, शिकागो तळटिपा वापरतोय, चालेल ना?" 'कोणती वापरू?' असं विचारलंत तर पुन्हा "नीट द्या" हेच उत्तर येईल.