पाच रुपयांचा पुडा आणि महागाई

तुमच्या मुलीला महागाई समजावताना वडापावाची किंमत कशी वाढत गेली, इथून सुरुवात कराच, पण तिथेच थांबू नका. पाच रुपयांचा वेफर्सचा पुडा हातात द्या आणि मागचं निव्वळ वजन वाचायला सांगा. समजा, पूर्वी 20 ग्रॅम होतं, आता 16. किंमत तीच, म्हणून तिला वाटेल, काहीच महागलं नाही. मग 100 ग्रॅमचा भाव तिलाच काढू द्या: 25 रुपयांवरून 31 रुपये 25 पैसे. वजन 20 टक्के घटलं, भाव मात्र 25 टक्के वाढला. इथे मुलं हमखास अडतात, घाई करू नका. आणि एका पुड्यावरून देशाचा महागाई दर निघत नाही, हेही सांगा. त्यात धान्य, घरभाडं, प्रवास असे कितीतरी खर्च धरतात, आणि ज्यावर लोक जास्त पैसे घालवतात त्याचा वाटा मोठा असतो.